सायफनच्या माथ्यावर दाब उणे का येतो?

«सर, मी सेकंड इयर सिव्हिलला आहे, पुढच्या आठवड्यात फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आहे. सायफनच्या गणितात दोन ठिकाणी अडतो. पाईप खाली उतरतो तिथे पाणी खाली पडतंय, मग वेग वाढायला नको का? मी वाढवून घेतला की उत्तर चुकतं. आणि माथ्यावरचा दाब उणे येतो. उणे आला म्हणजे गणित चुकलं असं धरायचं का? – रत्नागिरी»

उणे आला ते बरोबरच आलं. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर गेलेल्या पाईपात गेज दाब अधिक आला असता, तर मी तुला गणित पुन्हा करायला लावलं असतं. पण आधी वेगाची गाठ सोडवू, कारण दाबाचं उत्तर त्या गाठीतच अडकलेलं आहे.

पावसात कौलांवरून पडणारी पागोळी आठव, किंवा नळ बारीक सोडून त्याची धार बघ. धार वर जाड असते आणि खाली येताना बारीक होते. समजा नळाच्या तोंडाशी धार २० मिलिमीटर जाड आहे आणि पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने निघतंय. ३० सेंटिमीटर खाली त्याचा वेग साधारण २.६ मीटर होतो. पाणी तेवढंच, वेग अडीचपटीहून जास्त, म्हणून धारेचं क्षेत्रफळ तितक्याच प्रमाणात घटतं आणि जाडी सुमारे १२ मिलिमीटरवर येते. इथे धारेला चारी बाजूंनी हवा लागलेली आहे. दाब वर-खाली सगळीकडे वातावरणाचाच आहे, तो बदलायला वावच नाही. म्हणून उंची कमी झाली की तिचा सगळा मोबदला वेगात मिळतो.

आता तीच धार ५० मिलिमीटरच्या काळ्या पाईपात घाल. पाईप पूर्ण भरून वाहतोय असं धरू. धारेला आता बारीक होता येत नाही, कारण पाईपाचा व्यास वर जेवढा तेवढाच खाली. पाणी दाबून आकसत नाही, त्यामुळे एका सेकंदात वरच्या कापातून जेवढे लिटर गेले तेवढेच खालच्या कापातून जायला हवेत. क्षेत्रफळ तेच, लिटर तेच, म्हणजे वेगही तोच. पाईप डोंगरावर चढो, दरीत उतरो, वळसा घालो, व्यास बदलत नाही तोवर वेग बदलत नाही. उंचीचा मोबदला मग कुठे जातो? दाबात. पाईप उतरतो तसा दाब वाढतो, चढतो तसा दाब घटतो. नळाच्या धारेला भिंती नव्हत्या, पाईपातल्या पाण्याला आहेत. फरक एवढाच.

म्हणून परीक्षेत क्रम ठरवून घे. आधी सातत्य समीकरण, मग बर्नुली. वेग किती हे पाईपाचे व्यास ठरवतात. वेग आणि उंची हातात आल्यावर उरलेला दाब बर्नुली देतो. बहुतेक मुलं उलटं करतात: बर्नुलीत तिन्ही अज्ञात ठेवतात आणि मग मनानेच एकाला हलवतात.

```
A₁V₁ = A₂V₂
p₁/ρg + V₁²/2g + z₁ = p₂/ρg + V₂²/2g + z₂
```

(डॅनिएल बर्नुलीचं मूळ काम १७३८ सालचं. पण आपण लिहितो त्या सुटसुटीत रूपाचं श्रेय बऱ्याच अंशी ऑयलरकडे जातं. पेपरात हे कोणी विचारत नाही, उगाच लिहीत बसू नकोस.)

दुसऱ्या समीकरणातली प्रत्येक रक्कम मीटरमध्ये आहे. मला ती तशीच आवडते, कारण मग सगळा हिशेब टेपने मोजल्यासारखा होतो. मी नळयोजनांवर नोकरी केली, आता गुहागरकडे वाडीत राहतो. इकडे पोफळीच्या बागांना झऱ्याचं पाणी सायफनने आणायची सोय बऱ्याच जणांनी केलेली असते. त्यातलंच एक नमुन्याचं गणित घेऊ. आकडे सोयीचे घेतलेत, मांडणी खरीच आहे.

वर झऱ्याखाली चिऱ्याची बांधलेली टाकी आहे, २ मीटर बाय २ मीटरची. टाकी आणि बाग यांच्यामध्ये जुना गडगा आहे आणि त्यामागे जांभ्याचा उंचवटा. खोदून पाईप न्यायचा तर चिरा फोडावा लागेल, म्हणून पाईप वरूनच नेलाय. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा पाईपाचा माथा २ मीटर उंच आहे. बागेतलं पाईपाचं तोंड त्याच पातळीपेक्षा ३ मीटर खाली आहे आणि हवेत उघडं आहे. आतला व्यास ५० मिलिमीटर. घर्षण सध्या धरायचं नाही, टाकीतली पातळी स्थिर धरायची.

उंची मोजायची शून्य रेषा बागेतल्या तोंडाशी घे. म्हणजे टाकीची पातळी ३ मीटरवर, माथा ५ मीटरवर, तोंड शून्यावर. पहिला बिंदू नेहमी टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर घ्यायचा, पाईपाच्या आत शिरताना नाही. पृष्ठभागावर गेज दाब शून्य, वेगही शून्य धरता येतो. हा वेग शून्य का धरायचा ते एकदा करून बघ: टाकीचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, पाईपाचं ०.००१९६. म्हणजे टाकीतलं पाणी पाईपातल्या पाण्याच्या दोन हजाराव्या भागाने हलतं. त्याचं वेगशीर्ष एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही भरत नाही.

पृष्ठभागापासून तोंडापर्यंत बर्नुली लाव. डाव्या बाजूला फक्त ३ मीटर, उजव्या बाजूला फक्त V²/2g, कारण तोंडाशीही दाब वातावरणाचाच. म्हणून वेगशीर्ष ३ मीटर आणि वेग सेकंदाला ७.६७ मीटर. क्षेत्रफळाने गुणलं की सेकंदाला १५ लिटर.

आता माथा. पाईप एकाच व्यासाचा, म्हणून माथ्यावरही वेग ७.६७ आणि वेगशीर्ष ३ मीटरच. पृष्ठभागापासून माथ्यापर्यंत: ३ बरोबर दाबशीर्ष अधिक ३ अधिक ५. दाबशीर्ष उणे ५ मीटर. ९.८१ ने गुण, उणे ४९ किलोपास्कल. वातावरणाचा दाब १०१.३ धरला तर निरपेक्ष दाब ५२ किलोपास्कल. उणे म्हणजे दाब नाहीसा झाला असं नाही, बाहेरच्या हवेपेक्षा तो कमी आहे एवढंच. परीक्षकाला नेमका कुठला दाब हवाय ते प्रश्नात वाच, आणि कळत नसेल तर दोन्ही लिही. निरपेक्ष दाब मात्र कधीच उणे येऊ शकत नाही. तो उणे आला तर गणित चुकलंय, किंवा असा सायफन चालणारच नाही.

या उणे पाचमध्ये दोन वाटे आहेत. २ मीटर उंची चढल्याचे आणि ३ मीटर वेग घेतल्याचे. तळाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाईप भरलेलाच राहिला, तर वेगाचा वाटा संपतो आणि माथ्यावर उणे २ मीटर उरतात. म्हणजे पाणी थांबलेलं असतानाही माथ्याचा सांधा बाहेर गळत नाही, आत ओढतच असतो.

आणखी एक बिंदू घे, जो पेपरात फार आवडीने विचारतात: तोंडाच्या जेमतेम आत, पाईप खाली पोचलेला आहे पण पाणी अजून बाहेर पडलेलं नाही. बहुतेक मुलं म्हणतात, एवढं खाली आलोय, दाब भरपूर असेल. वेग तोच, उंची शून्य, म्हणून दाबही शून्य. ३ मीटरची उंची आधीच सगळी वेगात खर्च झाली आहे. माथ्यावर उणे ५, तिथून खाली येईतो तो हळूहळू शून्यावर येतो. उतरताना दाब वाढतो हे इथेही खरंच आहे, फक्त तो उणेपासून वाढत शून्यापर्यंत येतो.

आता तोंडाला रिड्यूसर लावून ते २५ मिलिमीटर कर. पाईप तसाच ५०चा. इथे सातत्य समीकरणाचं खरं काम दिसतं. तोंडातून निघणारा वेग बदलत नाही, कारण टाकीची पातळी आणि तोंडाची पातळी बदललेली नाही: ७.६७च. पण तोंडाचं क्षेत्रफळ पाईपाच्या चौथ्या हिश्श्याइतकं आहे. म्हणून पाईपातला वेग चौथा हिस्सा, १.९२ मीटर, आणि पाईपातलं वेगशीर्ष सोळावा हिस्सा, ०.१९ मीटर. व्यास निम्मा, वेग चौपट, वेगशीर्ष सोळापट. हे तीन आकडे एका दमात म्हणता आले पाहिजेत. पाणी सेकंदाला ३.८ लिटरच मिळेल.

माथ्यावर काय झालं? उणे ५ ऐवजी उणे २.१९ मीटर, म्हणजे उणे २१.५ किलोपास्कल. आणि रिड्यूसरच्या जेमतेम आधी, जिथे मघाशी शून्य होता, तिथे आता २.८१ मीटर, म्हणजे २७.६ किलोपास्कल अधिक. तळाचं तोंड लहान केलं आणि ५ मीटर उंचीवरच्या माथ्याची ओढ निम्म्याहून खाली आली. दाब आपापल्या जागी आपोआप ठरत नाही, संपूर्ण पाईपातून किती पाणी जातंय यावर ठरतो, हे या एका उदाहरणात जितकं कळतं तितकं तीन पानांच्या सिद्धतेत कळत नाही असं माझं मत आहे.

उलटी बाजू बघ. रिड्यूसर काढ, आणि पाणी जास्त मिळावं म्हणून पाईपाचं तोंड खालच्या कुणग्यात, टाकीच्या पातळीखाली ९ मीटरवर ने. कागदावर वेग १३.३ मीटर येईल, माथ्यावरचा दाब उणे ११ मीटर. वातावरणाचा सगळा दाब मिळून १०.३ मीटर पाण्याएवढा आहे, त्यातून ११ वजा होत नाहीत. खरं तर १०.३ पर्यंतही जाता येत नाही. ३० अंश तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४.२ किलोपास्कल असतो. माथ्यावरचा निरपेक्ष दाब तिथपर्यंत उतरला की पाणी थंड असूनही उकळायला लागतं, वाफेचा फुगा धरतो आणि पाण्याचा खांब तुटतो. म्हणजे मर्यादा उणे ९.९ मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात त्याच्याही आधी पाण्यात विरघळलेली हवा सुटून माथ्याशी जमते, म्हणून आम्ही ७-८ मीटरपलीकडे जात नाही. बर्नुलीचं समीकरण तुला हे आपणहून सांगत नाही. ते निमूटपणे उणे ११ काढून देतं. निरपेक्ष दाब तपासणं हे तुझं काम.

आणि बऱ्याच प्रश्नांत हेच उलटं विचारतात: माथ्यावरचा निरपेक्ष दाब अमुक मीटरखाली जायला नको, तर माथा जास्तीत जास्त किती उंच? त्यात वेगळं काही नाही. दाब दिलेला आहे, वेग तोंडावरून काढायचा, उंची उरते.

आता घर्षण, कारण १५ लिटर हा आकडा घेऊन तू बागेत गेलास तर लोक हसतील. वरच्याच पाईपाची लांबी एकूण ४० मीटर धर, त्यातले १० मीटर टाकी ते माथा आणि ३० मीटर माथा ते बाग. घर्षणांक ०.०२, आणि टाकीतून पाईपात शिरतानाचा तोटा वेगशीर्षाच्या अर्धा. बेंडचे तोटे सोडून देऊ. रिड्यूसर नाही. आता ३ मीटरमधून तिघांना वाटा द्यायचा: बाहेर पडणारं वेगशीर्ष १, शिरण्याचा तोटा ०.५, आणि घर्षण ०.०२ गुणिले ४० भागिले ०.०५, म्हणजे १६. एकूण १७.५ वेगशीर्षं मिळून ३ मीटर. एक वेगशीर्ष ०.१७१ मीटर, वेग १.८३, पाणी सेकंदाला ३.६ लिटर. अठरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरेल. बादली आणि घड्याळ घेऊन बसलास तर हा आकडा थोड्या फरकाने भेटतो, १५ कधीच भेटत नाही.

इथे एक खड्डा आहे. आपल्याकडच्या काही पुस्तकांत घर्षणाचं सूत्र 4fLV²/2gd असं असतं आणि काहींत fLV²/2gD. पहिल्यातला f दुसऱ्याच्या चौथा हिस्सा असतो. आपलं ०.०२ दुसऱ्या पद्धतीचं आहे, पहिल्या पद्धतीत ते ०.००५ लिहिलं जाईल. प्रश्नात ०.००५ सारखा आकडा दिसला आणि तू चार लिहायला विसरलास, तर पाणी जवळजवळ दुप्पट येईल आणि गणित वरून बरोबर दिसेल.

माथ्यावरचा दाब आता दोन्ही बाजूंनी काढ. टाकीच्या बाजूने: २ मीटर चढ, एक वेगशीर्ष, अर्धं शिरण्याचं, आणि १० मीटर लांबीचं घर्षण म्हणजे ४ वेगशीर्षं. उणे २ आणि ५.५ गुणिले ०.१७१, मिळून उणे २.९४ मीटर. तोंडाच्या बाजूने: माथा तोंडापेक्षा ५ मीटर वर, वेग दोन्हीकडे सारखा, आणि मधल्या ३० मीटरचं घर्षण १२ वेगशीर्षं म्हणजे २.०६ मीटर. उणे ५ अधिक २.०६, उणे २.९४. दोन्ही जुळले. परीक्षेत दोन मिनिटं उरली तर ही पडताळणी कर, सुटलेला तोटा लगेच सापडतो.

ही दुसरी बाजू मला एका पावसाळ्याने शिकवली. ओळखीच्या एका आजोबांची अशीच ओळ होती. श्रावणात पाणी फुरफुरत यायला लागलं, मग धार तुटायला लागली. आजोबा म्हणाले, "सांधा गळतोय म्हणावं तर एक थेंब दिसत नाही हो साहेब." मीही माथ्याचा सांधा कोरडा बघून पुढे गेलो, आणि तिथेच फसलो. उणे दाबाचा सांधा कोरडाच दिसणार, त्यातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. दुसऱ्या दिवशी सांध्यावर साबणाचा फेस लावला, तर फेस फुगायच्या ऐवजी आत ओढला गेला. टेफ्लॉन टेप बदलली. चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

कारण सांध्यात नव्हतंच. टाकीतल्या पाईपाच्या जाळीवर आंब्याची पानं बसली होती. जाळी तुंबली की शिरण्याचा तोटा वाढतो, पाणी कमी होतं, वेग कमी होतो. मला वाटलं होतं, वेग कमी म्हणजे माथ्याची ओढही कमी. पण तोंडाच्या बाजूने बघ: माथ्यावर उणे ५ अधिक खालच्या ३० मीटरचं घर्षण. वेग घटला की ते घर्षण नाहीसं होत जातं आणि माथा उणे ३ वरून उणे ५ कडे सरकतो. तळाचा व्हॉल्व्ह मिटला तर माथ्याची ओढ उणे २ कडे येते, टाकीच्या बाजूला अडवलं तर उणे ५ कडे जाते. पाणी दोन्ही वेळा कमीच. उणे ३ ला तग धरणारा सांधा उणे ५ ला हवा ओढत होता, एवढंच. नंतर आजोबांनी जाळी मोठी केली आणि तिच्याभोवती बांबूचा कूड घातला.

पाईप पुन्हा सुरू करताना माथ्यावर टी बसवून ठेवलेली बरी. खालचं-वरचं तोंड बंद करायचं, टीमधून पाईप काठोकाठ भरायचा, टी बंद करायची, मग दोन्ही तोंडं उघडायची, पण आधी टाकीतलं. पाईपाला मऊ होज वापरला असेल तर माथ्याशी तो बाहेरच्या हवेने चेपतो. हाताला चपटा लागला की समजायचं, उणे दाब बोलतोय.

पेपरात बिंदूंना नावं दे, प्रत्येक बिंदूशी दाब, वेग, उंची या तीन आकड्यांचा छोटा तक्ता कर आणि माहीत असलेलं आधी भर. मध्ये पंप असेल तर त्याच्या अलीकडून पलीकडे साधा बर्नुली लावू नकोस, पंपाने दिलेलं शीर्ष डाव्या बाजूला मिळवावं लागतं. आणि पाईपाचं तोंड हवेत नसून दुसऱ्या टाकीच्या पाण्यात बुडालेलं असेल, तर शेवटचा बिंदू त्या टाकीच्या पृष्ठभागावर घे. बाहेर पडणारं वेगशीर्ष तिथे तोटा म्हणून लिहायचं असतं. ते विसरलास तर समीकरणात तीन मीटर एका बाजूला राहतील आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.